मदत हवी आहे: भरतनाट्यमच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘मुद्रा’ आणि ‘अभिनय’ म्हणजे नेमकं काय लिहू?

गोदाकाठ:
पुढच्या महिन्यात नाशिकला भाचीचा भरतनाट्यमचा कार्यक्रम आहे आणि मराठी पत्रिका लिहायचं काम माझ्याकडे आलंय. तिच्या गुरूंनी प्रत्येक आयटमबद्दल दोन-दोन ओळी दिल्यात, त्यातल्या दोन ठिकाणी मी अडलोय. जतिस्वरमबद्दल लिहिलंय, “यात अभिनय नाही, शुद्ध नृत्त. मुद्रा: पताक, कटकामुख, अलपद्म.” आणि ‘कृष्णा नी बेगने बारो’बद्दल, “मुद्रा व अभिनय यांतून वात्सल्य.” आता माझी समज अशी की मुद्रा म्हणजे हाताने उच्चारलेला शब्द, अलपद्म म्हणजे कमळ वगैरे. मग जतिस्वरममध्ये अभिनय नसेल तर ते हात काय सांगतायत? आणि दुसऱ्या ओळीत मुद्रा ‘व’ अभिनय असं वेगळं का? बघायला येणारे बहुतेक नातेवाईक आणि सोसायटीतले लोक, कन्नड कुणालाच येत नाही, त्यामुळे जे छापलं जाईल तेवढ्याच आधारावर ते बघणार आहेत. गुरू आत्ता दौऱ्यावर आहेत, सारखं विचारता येत नाही. जाणकारांनी प्लीज सांगा.

निवांत_संध्याकाळ:
सोपं आहे हो. मुद्रा म्हणजे हात आणि अभिनय म्हणजे चेहरा. तेवढंच लिहा, लोकांना कळतं.

पहाटफेरी:
मुद्रांचा खूप फायदा होतो. मी रोज सकाळी ज्ञानमुद्रा आणि प्राणमुद्रा करते, झोप खूप सुधारली. कोणती मुद्रा किती वेळ करायची हे पण पत्रिकेत टाका.

गोदाकाठ:
@पहाटफेरी ताई, त्या योगातल्या मुद्रा, मी नाचातल्या विचारतोय. झोप सुधारली हे वाचून मात्र बरं वाटलं.

सलंगै:
मी भरतनाट्यम शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. निवांत यांचं अर्धं बरोबर आहे, रोजच्या बोलण्यात आम्हीही चेहऱ्याला अभिनय म्हणतो, पण शास्त्रात अभिनय चार प्रकारचा सांगितलाय, आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक, आणि हात हे आंगिकातच येतात. म्हणजे अर्थ सांगणारा हात हाच मुळात अभिनयाचा भाग, वेगळा नाही. गुरूंनी ‘व’ लिहिलं ते बोलीतल्या सवयीने असेल.

जतिस्वरमचा प्रश्न फार चांगला विचारलात. तिथे साहित्य म्हणजे गाण्याचे शब्दच नसतात, नुसते स्वर आणि ताल. त्यामुळे अलपद्म तिथे कमळ नसतं, हात जिथे संपतो तिथली रेषा पूर्ण करायला बोटं उमलतात एवढंच. छातीशी कटकामुख धरलेला हात तिथे फूलही खुडत नाही आणि हारही धरत नाही. तोच अलपद्म पदात आला की मग अर्थ घेतो, आणि तोही एकच नाही. अभिनयदर्पणात एकेरी हात २८ आहेत आणि प्रत्येकाचे विनियोग म्हणजे तो हात कुठेकुठे वापरायचा त्याची यादी दिली आहे. एकट्या पताकालाच ढग, वन, रात्र, नदी, नको म्हणणं असं बरंच काही आहे. यातलं आत्ता कुठलं, ते हातावरून कळतच नाही, नजर कुठे आहे, हात कुठल्या उंचीवर आणि कसा हलतोय आणि गाण्यात शब्द काय चाललाय यावरून कळतं. म्हणून ‘अलपद्म म्हणजे कमळ’ असा तक्ता पत्रिकेत छापू नका, प्रेक्षक अख्खा कार्यक्रमभर कमळं मोजत बसतील.

गोदाकाठ:
वा, जतिस्वरमचं डोक्यात बसलं. आता ‘बेगने बारो’चं एखादं उदाहरण देऊन सांगाल का, कारण तालमीला बसलो तेव्हा तीच ओळ परत परत येत होती आणि प्रत्येक वेळी भाची काहीतरी वेगळंच करत होती.

सलंगै:
हो, ते वेगळंच असायला हवं. ही व्यासतीर्थांची कन्नड रचना, राग यमुनाकल्याणी, बालसरस्वतींनी केलेली फार गाजली. पहिल्या ओळीचा अर्थ एवढाच की कृष्णा, लवकर ये, तुझं मुख दाखव. शब्दाला शब्द धरून करायचं झालं तर कृष्णासाठी खांद्याजवळ दोन्ही हात मृगशीर्ष, ये म्हणताना बोलावणारा हात, मुखाला चेहऱ्याजवळ अलपद्म, संपलं. मग ओळ पुन्हा आली की नर्तकी ती खुलवते, त्याला आम्ही संचारी म्हणतो. एकदा लोणी दाखवून बोलावते, एकदा रुसते, एकदा तो खांबाआड लपलाय आणि ही शोधतेय. शब्द तेच.

आता बारकावा बघा. ये म्हणणारा हात यशोदेचाही तोच आणि प्रियकराला बोलावणाऱ्या नायिकेचाही तोच असू शकतो. फरक नजरेच्या उंचीत आहे. समोर मूल असेल तर नजर गुडघ्या-मांडीच्या उंचीवर जाते, पाठ किंचित वाकते आणि पापण्यांची लगबग वेगळी असते. नवीन मुलींचं इथेच चुकतं, हात अगदी स्वच्छ पडतात पण एकदा नजर गुडघ्याशी आणि पुढच्याच फेरीत खांद्याशी, म्हणजे दोन आवर्तनांत कृष्ण तरुण झाला! तालमीला परत बसलात तर फक्त एवढंच बघा, मूल एकाच जागी आणि एकाच उंचीचं राहतंय का.

शेवटी आईला तोंडात विश्व दाखवलं हा भाग येतो. यशोदा बोट उगारून रागावते, तोंड उघडायला लावते, आणि आत बघते. त्यानंतर बरेच जण उगारलेलं बोट हळूहळू सैल सोडतात, हातात कुठलीच मुद्रा उरत नाही, आणि तरी तो पूर्ण अभिनय असतो. जतिस्वरममध्ये हात आहेत पण अभिनय नाही, इथे अभिनय आहे पण नाव घेता येईल असा हात नाही. तुमच्या दोन्ही ओळी अशा शेजारी ठेवल्या तर तुमचं उत्तर मिळतं.

तत्कार:
आमच्याकडे कथक आहे, त्यात याला भाव दाखवणं म्हणतात आणि ठुमरीला तर बसूनच एकेका ओळीवर भाव करतात, हात खूपच मोकळे. मुलीच्या परीक्षेला मात्र हस्तांची नावं आणि विनियोग पाठ करावे लागतात. तिला जोडहातांचे एका पुस्तकात २३ मिळाले आणि दुसऱ्यात २४, कुठला आकडा लिहायचा?

सलंगै:
@तत्कार पाठांप्रमाणे दोन्ही आकडे मिळतात. परीक्षेला नेमलेल्या पुस्तकातला लिहा.

निवांत_संध्याकाळ:
सलंगै, पटलं. पण मुद्रांची नावं अजिबात नकोत हे नाही पटत. आमच्या पुतणीच्या कार्यक्रमाला मागच्या पानावर हातांची चित्रं होती, लहान मुलं मध्यंतरात तेच हात करून बघत होती. लोक गुंततात.

सलंगै:
चित्रं वेगळ्या पानावर असतील आणि खाली अर्थ नसेल तर माझी हरकत नाही. अर्थ लिहिला की गोंधळ सुरू होतो असं मला वाटतं, पण यावर आमच्या क्षेत्रातही दोन मतं आहेत.

गोदाकाठ:
मनापासून आभार. असं लिहिलंय, बघा:

“जतिस्वरम्: यात गोष्ट नाही आणि शब्दही नाहीत. हातांच्या मुद्रा इथे अर्थासाठी नसून शरीराच्या रेषा पूर्ण करण्यासाठी आहेत. पावलं आणि ताल यांकडे लक्ष द्यावं.

कृष्णा नी बेगने बारो: यशोदा बाळकृष्णाला बोलावते आहे, ‘लवकर ये, तुझं मुख दाखव’. तीच ओळ पुन्हा पुन्हा येईल, दर वेळी तिची बोलावण्याची तऱ्हा बदलेल. शेवटी ती त्याचं तोंड उघडून बघते आणि तिला आत सारं विश्व दिसतं.”

अभिनय हा शब्द दुसऱ्या परिच्छेदात आलाच नाही, तो घालावा का? गुरूंच्या ओळीत होता म्हणून विचारतोय.

सलंगै:
मी तर घालणार नाही, कोण कुणाला काय म्हणतंय हे आलंय, तेवढं पुरेसं आहे. पण ओळ गुरूंची आहे, त्यांना एकदा दाखवूनच छापायला द्या. आणि भाचीला विचारा संचारी कुठल्या घेतल्यात, लोणी नक्की असेल तर तेही लिहा, ती कल्पना हाताआधी लोकांच्या मनात तयार असली की बघायला सोपं जातं.

गोदाकाठ:
विचारलं. लोणी आहे, खांब नाही, त्याऐवजी चेंडू आहे म्हणाली. गुरूंना मजकूर पाठवलाय, अजून उत्तर आलेलं नाही.