मदत हवी आहे: पाचच हॅशटॅग लावता येतात, तर लोकल स्टुडिओने कोणते पाच निवडावेत?

ताकद_स्टुडिओ
नमस्कार मंडळी. आमचा छोटा फिटनेस स्टुडिओ आहे. चाळिशीच्या पुढच्या बायकांसाठी स्ट्रेंथ ट्रेनिंग, एका बॅचला बारा जणी. इन्स्टाग्राम मीच सांभाळते. पूर्वी 28 टॅगचा एक ठोकळा नोट्समध्ये ठेवला होता आणि तोच प्रत्येक रीलखाली चिकटवायचे: #fitness, #gym, #fitnessmotivation वगैरे. आता ॲप पाचच्या वर टॅग घेत नाही, त्यामुळे निवडावंच लागतं.

अडचण अशी. एका डेडलिफ्टच्या रीलला 18,000 च्या वर व्ह्यूज आले, चौकशी शून्य. प्रेक्षकांत आमच्या शहरातले लोक जेमतेम. उलट गुडघेदुखी आणि जिना चढण्यावरच्या रीलला 900 व्ह्यूज आणि सहा मेसेज, त्यातल्या दोघी आज बॅचमध्ये आहेत. त्या रीलला चुकून आमच्या भागाचा टॅग लावला होता. मग पाचही टॅग भागाचेच लावू का? पण तसं केलं तर चार माणसांच्या पलीकडे कोणी पाहणार नाही, अशी भीती वाटते. मोठे किती, छोटे किती?

रीलबहाद्दर
ताई, सोपं आहे. दोन मोठे, दोन मध्यम, एक छोटा. मोठ्यांनी रीच येतो, छोट्यांनी टॉपला टिकता. उरलेले टॅग पहिल्या कमेंटमध्ये टाका. आणि दर वेळी तेच टॅग लावू नका, शॅडोबॅन होतो म्हणतात, म्हणजे ॲप न सांगता पोस्ट लोकांना दाखवणं कमी करतं.

सकाळयोग
माझा अनुभव अगदी उलटा. मी #yoga आणि #yogaeveryday सोडून काही लावत नाही आणि महिन्याला नवे लोक मिळतात. तुम्ही उगाच काळजी करताय, व्ह्यूज येताहेत तर येऊ द्या.

ताकद_स्टुडिओ
@सकाळयोग तुमचे क्लास ऑनलाइन असतात ना? माझ्याकडे पंधरा मिनिटांपेक्षा लांबून कोणी येत नाही.

सकाळयोग
हो, ऑनलाइनच. ते लक्षात घेतलं नव्हतं. मग तुमचं गणित वेगळं.

जुनी_जाहिरातवाली
इथेच सगळं अडलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्यासाठी पंधरा मिनिटांच्या बाहेरचा व्ह्यू म्हणजे रीच नव्हेच, त्यामुळे "मोठे किती, छोटे किती" हे माप बाजूला ठेवा. टॅगखाली किती पोस्ट आहेत यापेक्षा तिथे कोणाच्या पोस्ट आहेत ते बघा.

मी असं करते. टॅग उघडायचा आणि पहिल्या बारा पोस्ट मोजायच्या. ज्या बाईला आपण बोलावतोय ती हे बघत असेल का, एवढाच प्रश्न. #fitness मध्ये कोट्यवधी पोस्ट आहेत, वर जगभरचे बॉडीबिल्डर. बारापैकी शून्य. आता नुसत्या भागाच्या नावाचा टॅग उघडा. बहुतेक ठिकाणी घरविक्रीच्या जाहिराती आणि लग्नाचे फोटो दिसतील. तो लोकल आहे, पण कामाचा नाही. बरेच जण इथेच फसतात. भागाचं नाव आणि कामाचं नाव जोडून केलेला टॅग उघडलात की आजूबाजूचे स्टुडिओ आणि त्यांच्या मेंबर दिसतील. तो तुमचा.

@रीलबहाद्दर यांचं एक बरोबर आहे: तोच ठोकळा दर पोस्टला चिकटवू नये. पण मला त्याचं कारण शिक्षा वाटत नाही. टॅग आज मुख्यतः पोस्ट कशाबद्दल आहे ते ॲपला सांगतो. गुडघ्याच्या रीलला #fitnessmotivation लावलात तर लेबलच चुकीचं लागतं. मोठ्या टॅगचा जोरही पूर्वीसारखा नाही. 2024 च्या शेवटी हॅशटॅग फॉलो करण्याची सोयच काढून टाकली. आणि 2021 मध्येच इन्स्टाग्रामने तीन ते पाच पुरे असं सांगितलं होतं, त्यामुळे कमेंटमध्ये आणखी टॅग भरून काही साधेल असं वाटत नाही.

ताकद_स्टुडिओ
आत्ताच बारा पोस्टवालं करून पाहिलं. आमच्या भागाच्या नावाखाली बारापैकी सात फ्लॅटच्या जाहिराती! भाग + strengthtraining उघडला तर जेमतेम साठ पोस्ट. तो टॅग कोण उघडणार?

जुनी_जाहिरातवाली
फारसं कोणी उघडणार नाही, हे खरं. त्याचा उपयोग सर्चमध्ये आहे. जवळचा क्लास शोधणारी बाई भागाचं नाव आणि "जिम" किंवा "स्ट्रेंथ" असं टाइप करते. म्हणून तेच शब्द कॅप्शनच्या पहिल्या ओळीत साध्या वाक्यात लिहा आणि प्रोफाइलच्या नावाच्या रकान्यातही घाला. सर्चमध्ये तो रकाना धरला जातो. सध्या तिथे नुसतं स्टुडिओचं नाव असेल, तर ज्याला तुमचं नाव माहीतच नाही त्याला तुम्ही सापडणार कशा? लोकेशनही लावत जा.

पाच जागा मी अशा वाटेन. एक भाग + काम. एक शहर + fitness, कारण शेजारच्या भागातल्या बायकाही येऊ शकतात. एक कोणासाठी, म्हणजे #strengthtrainingforwomen सारखा. तो मोठा आहे पण चुकीचा नाही. चौथा त्या रीलच्या विषयाचा, तो दर वेळी बदलायचा: गुडघे, पाठ, पहिल्यांदा वजन उचलणं. पाचवी जागा रिकामी राहिली तरी चालेल.

प्रश्नचिन्ह
पाचवी जागा स्टुडिओच्या स्वतःच्या टॅगला द्यावी ना?

जुनी_जाहिरातवाली
मेंबर स्वतःच्या फोटोंना तो लावत असतील तर जरूर. नाहीतर त्यातून नवीन माणूस येत नाही, कारण तुम्हाला न ओळखणारा तो शोधणारच नाही.

रीलबहाद्दर
माझ्या जिममध्ये मेंबर लावतात आणि त्यांच्या मित्रांकडून चौकशा येतात. म्हणून मी तरी ती जागा सोडणार नाही.

ताकद_स्टुडिओ
चार आठवड्यांनी परत येतेय. आठ रील टाकल्या, सगळ्या संध्याकाळी सातला. चार जुन्या पद्धतीच्या टॅगने आणि चार वरच्या वाटणीने, आलटून पालटून. सोबत चौकशीच्या वहीत "कुठून कळलं, कोणती रील पाहिली" असा रकाना वाढवला.

जुन्या टॅगच्या रील सरासरी 2,100 व्ह्यूजवर गेल्या, नव्या 700 वर. पहिले दोन आठवडे तो आकडा बघून पोटात गोळा यायचा. पण वहीत नव्या रील पाहून आलेल्या सात जणी आहेत, जुन्या पाहून आलेली एक. सातपैकी चौघी म्हणाल्या की भागाचं नाव टाकून शोधत होत्या.

जुनी_जाहिरातवाली
छान केलंत, विशेषतः वहीचा रकाना. पण दोन गोष्टी तपासा. सात आणि एक हे आकडे लहान आहेत, एखादी रील जास्त चालली तरी चित्र पालटतं. आणि नव्या चार रीलचे विषय कोणते होते? त्यात गुडघेदुखी असेल तर श्रेय टॅगचं की विषयाचं, सांगता येणार नाही.

ताकद_स्टुडिओ
दोन गुडघ्यांच्याच होत्या. हे लक्षातच आलं नाही. पुढच्या महिन्यात जोड्या लावते: एकाच विषयाच्या दोन रील, एक जुन्या टॅगने, एक नव्या.

प्रश्नचिन्ह
टॅग देवनागरीत की रोमनमध्ये, ते कोणी तपासलंय का? माझी आई फोनवर बोलूनच शोधते आणि तिच्या फोनवर ते देवनागरीत उमटतं.

जुनी_जाहिरातवाली
माझ्या क्लायंटकडे रोमनच जास्त चाललं, पण ते सगळे तिशीच्या आतले. ताईंच्या बायकांचं वेगळं असू शकतं. वहीत आणखी एक रकाना वाढवा: शोधताना टाइप केलं की बोलून शोधलं.