मदत हवी आहे: व्यापाऱ्यांसमोर दहा मिनिटं बोलायचंय, हा किस्सा चालेल का?

सूतगिरणीजवळ: रविवारी इचलकरंजीत आमच्या मंडळाचा मेळावा आहे. पहिलं भाषण माझ्या गळ्यात पडलंय. विषय असा की कर सल्लागार, छापखाना, कुरिअर, कुणालाही पहिला मेसेज टाकताना आपल्याला काय साधायचंय ते आधी लिहावं. समोर चाळीसेक माणसं, उपदेश सुरू झाला की चहाकडे उठणारी.

माझाच किस्सा सांगावा म्हणतो. सल्लागाराला मी लिहिलं, "GSTR-1 दुरुस्त कसा करायचा?" उत्तर आलं, "3B भरायच्या आधी GSTR-1A मधून." दोन दिवस खटपट केली, जमेना. खरं दुखणं वेगळंच होतं. एका बिलावर गिऱ्हाइकाऐवजी त्याच्या भावाच्या फर्मचा GSTIN पडला होता. गिऱ्हाइकाला क्रेडिट दिसेना, म्हणून त्याने पेमेंट अडवलं होतं. यातलं एक अक्षर मी लिहिलं नव्हतं.

मसालेवाली_ताई: आम्ही व्हॉट्सॲप बिझनेसवर ग्रीटिंग मेसेज लावलाय, "नमस्कार, काय हवंय?" छान चालतो.

सूतगिरणीजवळ: ताई, तो गिऱ्हाइकाला जाणारा. मी आपण पाठवतो त्याबद्दल विचारतोय.

हिशेबनीस: सल्लागार बरोबरच आहे की. 2024 पासून 1A आलाय, त्यात सगळं दुरुस्त होतं.

रिटर्नवाला: सगळं नाही. रक्कम, दर चुकला तर 1A चालतो. पार्टीचा GSTIN त्यात बदलता येत नाही, तो पुढच्या महिन्याच्या GSTR-1 मध्ये, तक्ता 9A मध्ये बदलायचा. (आकडा नुसता चुकला असता तर पोर्टलने बहुधा घेतलाच नसता. भावाचा नंबर खरा, म्हणून निसटला.)

सभेत दोन मेसेज वाचून दाखवा. एक तुमचा. दुसरा असा: "अमुक बिलाचं क्रेडिट गिऱ्हाइकाला दिसायला हवं, त्याने पेमेंट थांबवलंय. बिलावर भलत्या फर्मचा GSTIN पडलाय. काय करू?" हा वाचला की सल्लागार 1A चं नावच काढणार नाही. वर तारीखही सांगेल: महिन्याचं रिटर्न भरत असाल तर पुढचा GSTR-1 11 तारखेच्या आत भरा, 14 ला गिऱ्हाइकाच्या 2B मध्ये दिसेल. तेवढं सांगून गिऱ्हाइकाला थोपवता आलं असतं.

सूतगिरणीजवळ: हे नव्हतं सुचलं. म्हणजे माझे दोन दिवस प्रश्नातच गेले.

मंडपवाला_सांगली: सल्लागाराचं ठीक. पण छापखान्याला "लग्नासाठी हवंय" म्हटलं की दर वाढतो. मी तर काम काय ते सांगतच नाही.

रिटर्नवाला: मग कागद कसला लागेल ते तो कशावरून ठरवणार?

मंडपवाला_सांगली: मीच ठरवतो. दोनदा चुकलाय म्हणा.

सूतगिरणीजवळ: हा प्रश्न सभेत कुणीतरी विचारणारच. दराचं काय उत्तर देऊ?