रात्रीच्या सूचना थांबवून सकाळी ७ ला सोडाव्यात का?

बर्डीवाला
नागपुरात पहाटे घरपोच दूध-भाजी देणारं ॲप आहे, ग्राहक साधारण २० हजार. ऑर्डर रात्री ११ पर्यंत घेतो, माल पहाटे ५.३० ते ७.३० मध्ये पोचतो. ओटीपी सोडून बाकी सगळ्या सूचना रात्री १० नंतर रांगेत अडवायच्या आणि सकाळी ७ ला सोडायच्या, असा विचार आहे. करावं का? कोणाचा विरोध असेल तर कारणासह सांगा.

महाल_ते_मिहान
माझा विरोध आहे भाऊ. अडवायचंच काऊन? ज्याला झोपायचं आहे तो फोन डू नॉट डिस्टर्बवर टाकून झोपते. अँड्रॉइड ८ पासून ॲपला सूचनांचे वेगवेगळे चॅनल करता येतात. रात्रीसाठी आवाज न करणारा एक चॅनल काढा आणि सूचना वेळेवर पाठवा. आयफोनवर iOS 15 पासून `passive` पातळी आहे, तिच्यात ना आवाज येत, ना स्क्रीन पेटत. सूचना गुपचूप यादीत पडून राहते, माणूस उठला की वाचते. रांग नाही, सकाळचा लोंढा नाही. तुम्ही तं उगाच आणखी एक बिघडणारी यंत्रणा उभी करून राहिले.

सदर_सकाळ
प्रश्नच निकाली आहे. रात्री ९ नंतर कंपन्यांना एसएमएस पाठवायला ट्रायची बंदी आहे. अडवावंच लागेल.

रांगेतला
सदर_सकाळ, ती बंदी प्रचाराच्या संदेशांना आहे. ऑर्डर, पेमेंट, ओटीपी हे सेवेचे संदेश रात्रीही जातात, फक्त त्यांचा नमुना डीएलटीवर त्या प्रकारात नोंदवलेला हवा. प्रश्न सेवेच्याच संदेशांचा आहे. मात्र ‘ऑर्डर मिळाली’च्या खाली ‘उद्या पनीरवर सूट’ अशी ओळ जोडली की तो संदेश प्रचाराकडे झुकतो, हे बर्डीवाल्यांनी लक्षात ठेवावं.

महाल_ते_मिहान यांचं म्हणणं पुश सूचनांपुरतं बरोबर आहे. पण एसएमएस पाठवणाऱ्याला तो मुका करता येत नाही. व्हॉट्सॲपचा आवाजही ग्राहकाच्या फोनवरच ठरतो. आणि या धंद्यात ज्यांच्याकडे ॲप नाही, आई-वडिलांच्या वयाचे आहेत, त्यांना एसएमएसच जातो. तेव्हा काही तरी अडवावं लागणारच. माझा आक्षेप ‘सगळ्या’ आणि ‘७’ या दोन शब्दांवर आहे.

एक ऑर्डर घ्या. ग्राहकाने रात्री १०.४० ला दोन लिटर दूध आणि मेथीची जुडी मागवली. ११.०५ ला यूपीआय पेमेंट अयशस्वी दिसलं. ११.३० ला बँकेकडून पक्कं उत्तर आलं की पैसे मिळाले. पहाटे ३.३० ला कळलं की मेथी आलीच नाही. ६.१० ला दूध दारात पोचलं. तुमच्या योजनेत ७ वाजता या माणसाचा फोन लागोपाठ पाच वेळा वाजेल: ऑर्डर मिळाली, पेमेंट झालं नाही, पेमेंट मिळालं, मेथी मिळणार नाही, माल पोचला. दूध तोवर गॅसवर चढलेलं असेल.

त्याहून वाईट म्हणजे रांगेतून संदेश काढणारे वर्कर एकापेक्षा जास्त असतील तर हा क्रमही टिकत नाही. ‘पेमेंट झालं नाही, इथे पुन्हा भरा’ हा संदेश सगळ्यात शेवटी पोचू शकतो. त्यात लिंक असते. ग्राहक दाबतो आणि त्याच दुधाचे पैसे दुसऱ्यांदा भरतो. परतावा, फोन, भांडण, सगळं एका शिळ्या संदेशामुळे. तो ११.०५ ला खरा होता, ७ ला खोटा आहे.

म्हणून रांगेत तयार मजकूर ठेवू नका. ‘या ऑर्डरबद्दल ग्राहकाला सांगायचं आहे’ एवढीच नोंद ठेवा. सोडायच्या क्षणी ऑर्डरची चालू स्थिती वाचा आणि मजकूर तेव्हा बनवा. वरच्या उदाहरणात मग एकच संदेश निघतो: दूध पोचलं, मेथी नव्हती, तिचे पैसे परत.

गांधीबाग_देव
इतकं करायची गरज नाही हो. संदेश रांगेतच असतात ना? मग रात्री १० ला वर्कर बंद करा, ७ ला सुरू करा. क्रॉनच्या दोन ओळी. ओटीपीची रांग वेगळी ठेवली की झालं. नाहीतर एसक्यूएसला विलंब देता येतो, संदेश टाकतानाच नऊ तासांचा विलंब द्यायचा.

रांगेतला
एसक्यूएसचा विलंब जास्तीत जास्त १५ मिनिटांचा असतो, नऊ तास तो घेणारच नाही. रॅबिटएमक्यूमध्ये प्रत्येक संदेशाला वेगळी मुदत देऊन तोच खेळ करणारे असतात. तिथे मुदत संपलेला संदेश रांगेच्या तोंडाशी आल्यावरच बाहेर पडतो. पुढे ७ चा अडकला असेल तर मागचा ५.३० चा त्याच्यामागे उभा.

वर्कर बंद ठेवणं चालतं, खोटं कशाला बोलू. पण रांगेचं वय मोजणारा अलार्म रोज रात्री वाजेल, मग कोणी तरी तो बंद करेल, आणि खरंच रांग तुंबेल त्या दिवशी कोणाला कळणार नाही. शिवाय आत काय अडकलंय ते बघता येत नाही, रात्री रद्द झालेल्या ऑर्डरचा संदेश उपसून काढता येत नाही. २० हजार ग्राहकांना पोस्टग्रेसमधलं साधं टेबल पुरतं. प्रत्येक नोंदीला सुटायची वेळ `release_at` आणि कालबाह्य व्हायची वेळ `expires_at`. वर्कर दर मिनिटाला एवढंच विचारतो:

```sql
SELECT id FROM held_notifications
WHERE status = 'held'
  AND release_at <= now()
ORDER BY release_at
LIMIT 200
FOR UPDATE SKIP LOCKED;
```

`SKIP LOCKED` मुळे दोन वर्कर एकच नोंद उचलत नाहीत. हाती आलेल्या नोंदीची `expires_at` उलटली असेल तर ती पाठवायची नाही, पण पुसायचीही नाही. ‘कालबाह्य’ म्हणून ठेवायची. हा आकडा रोज सकाळी बघा. तो वाढला म्हणजे तुम्ही एखादा कामाचा संदेश उगाच अडवत आहात.

धरमपेठ_क्यूए
तपासताना हमखास सापडणाऱ्या दोन चुका सांगते. ‘तास २२ आणि ७ यांच्या मध्ये’ अशी अट लिहिली तर ती कधीच खरी होत नाही, कारण खिडकी मध्यरात्र ओलांडते. ‘२२ किंवा त्यानंतर, नाहीतर ७ च्या आधी’ असं लिहावं लागतं. रात्री ११.२० च्या नोंदीची `release_at` उद्याची आणि २.१० च्या नोंदीची आजचीच, हेही तिथेच चुकतं. दुसरी चूक सर्व्हरच्या घड्याळाची. ते यूटीसीवर असतं. आपले सकाळचे ७ म्हणजे तिथले १.३०. क्रॉनमध्ये ७ लिहिलं तर संदेश दुपारी साडेबाराला सुटतील.

आणि १०.४० ची ‘ऑर्डर मिळाली’ ही सूचना मुळात अडवायचीच कशाला? ग्राहक जागा आहे, फोन हातात आहे, बटण त्यानेच दाबलंय. उत्तर आलं नाही तर तो ऑर्डर पुन्हा टाकेल. ग्राहकाच्या स्वतःच्या कृतीला लागून जे उत्तर जातं ते लगेच जाऊ द्या, वाजले कितीही असोत.

कळमना_अडत
आमच्याकडे संत्र्याच्या हंगामात शेतकरी रात्री २-३ ला गाडी भरून निघते. त्याला आवक किती, लिलाव कधी, हे तेव्हाच पाहिजे. सकाळी ७ ला सांगून काय उपयोग, तो तं आवारात उभा असते. म्हणून म्हणतो, रात्र सगळ्यांची सारखी नसते. शांत वेळ ग्राहकाला ठरवू द्या.

बर्डीवाला
आमचे ग्राहक शेतकरी नाहीत, पण मुद्दा घेतला. आमच्याकडे उलटी अडचण आहे. काही घरांत दूध नागपुरात येतं आणि पैसे अमेरिकेतला मुलगा भरतो. सूचना त्याला जातात.

रांगेतला
मग वेळ सूचना मिळणाऱ्याची बघा, दूध कुठे पोचतं त्याची नाही. मुलगा न्यू जर्सीत असेल तर आपले सकाळचे ७ म्हणजे त्याच्याकडे आदल्या रात्रीचे ८.३०, आणि उन्हाळी वेळेत ९.३०. हा फरक वर्षातून दोनदा बदलतो. म्हणून ग्राहकाच्या नोंदीत ‘साडेनऊ तास मागे’ असं न लिहिता `America/New_York` असं नाव ठेवा.

हेल्पडेस्क_ताजबाग
७ ला एकदम सोडायला माझा सक्त विरोध. समजा ६ हजार संदेश अडकले होते. एसएमएसचा गेटवे सेकंदाला ५० घेत असेल तर दोन मिनिटांत सगळे बाहेर. त्यातल्या शंभरात दोघांनी जरी फोन केला तरी १२० फोन, आणि ७ ला हेल्पडेस्कवर दोन माणसं. फोन न लागलेला माणूस पुन्हा लावतो, म्हणून रांग वाढतच जाते. ॲपचंही तेच, सगळे एकाच मिनिटाला उघडतात. तासाभरात पसरवा, मिनिटाला शंभर.

महाल_ते_मिहान
तासभर पसरवाल तं ज्याची मेथी आली नाही त्याला ८ ला कळेल. तोवर घरासमोरचा भाजीवाला निघून गेला. म्हणूनच म्हणतो, मुका पुश ३.३० लाच पाठवा. ५.३० ला उठणारा ५.३० ला वाचेल.

रांगेतला
यावर मी महाल_ते_मिहान यांच्या बाजूचा आहे, पुशपुरता. ॲप असलेल्यांना मुका पुश त्याच क्षणी द्या. एसएमएसवाल्यांसाठी ‘वस्तू मिळणार नाही’ची `release_at` ७ ऐवजी ६ करा आणि हे संदेश आधी काढा. नाहीतरी मे महिन्यात नागपूर ६ ला जागंच असतं, ऊन चढायच्या आत कामं उरकायची असतात. पैसे परत, पावत्या, अभिप्राय मागणं हे ७ नंतर तासभर पसरवा. पसरवताना सोडायचं मिनिट ग्राहक क्रमांकावरून ठरवा, म्हणजे वर्कर मध्येच पडून पुन्हा उठला तरी त्याच ग्राहकाचं मिनिट बदलत नाही.

वर्कर पडण्याबद्दल आणखी एक. गेटवेला संदेश दिला आणि ‘पाठवला’ अशी खूण करायच्या आधीच वर्कर मेला, तर ती नोंद पुन्हा उचलली जाते आणि संदेश दोनदा जातो. आधी ‘पाठवत आहे’ अशी खूण करून ती पक्की करा, मग पाठवा. त्या अवस्थेत दहा मिनिटं अडकलेल्या नोंदी आपोआप पुन्हा पाठवू नका, प्रकार बघा. ‘मेथी नाही’ दोनदा गेलं तर चालतं. पैसे भरायची लिंक दोनदा जाऊ नये.

धरमपेठ_क्यूए
एका ग्राहकाच्या सूचना एकत्र करण्यावर थोडा आक्षेप आहे. ऑर्डरच्या स्थितीला शेवटचीच खरी, ते मान्य. पण वॉलेटमधून रात्री दोनदा पैसे कापले गेले असतील तर ‘शिल्लक इतकी’ असा एकच संदेश पुरत नाही. दोन्ही कपाती दिसल्या पाहिजेत, नाहीतर चूक पकडायची कुठून?

रांगेतला
बरोबर. पैशांच्या नोंदी एकत्र करायच्या नाहीत. आणि वॉलेटमधून पैसे गेल्याची सूचना मी रात्रीही अडवणार नाही.

गांधीबाग_देव
दूधवाल्याच्या ४० रुपयांसाठी रात्री २ ला एसएमएस? आपोआप कापले जाणारे असतील तर अडवा की.

रांगेतला
कपात आपोआप होते की कोणी दुसऱ्याने केली, हे त्या क्षणी ग्राहकालाच माहीत असतं, आपल्याला नाही. रोजची ठरलेली कपात ओळखता येत असेल तर ती थांबवा. वेगळी रक्कम किंवा नवा फोन दिसला तर थांबवू नका.

बर्डीवाला
‘ऑर्डर मिळाली’ लगेच, ‘वस्तू नाही’ मुका पुश आणि ६ ला एसएमएस, बाकी ७ ते ८ पसरवून, एवढं लिहून घेतलं. एक उरलं. पहाटे ४.४५ ला गाडी बिघडली आणि एखाद्या भागात दूध येणारच नसेल, तर ज्यांच्याकडे ॲप नाही त्यांना तेव्हाच एसएमएस करायचा की ६ ला?

हेल्पडेस्क_ताजबाग
तेव्हाच. घरात लहान मूल असेल तर बाईला ५ ला कळायला हवं, डेअरी उघडताच कोणाला तरी पाठवता येतं.

महाल_ते_मिहान
६ ला. एका गाडीपायी चारशे घरं ४.४५ ला उठवाल, तं त्यातले किती जण एसएमएसच बंद करून टाकतील ते पण मोजा. बंद केलेला पुन्हा सुरू कोणी करत नाही.