ऑफर स्वीकारताना व्हेरिएबल पे आणि जॉइनिंगबद्दल कसं विचारू?

केतकी_मेक
मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. चाकणच्या एका कंपनीचं ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनीचं ऑफर लेटर आलंय. सीटीसी 6,00,000, त्यातले 60,000 व्हेरिएबल. जॉइनिंग ‘1 जुलै किंवा कंपनी कळवेल त्या तारखेला’. शुक्रवारपर्यंत होकार द्यायचाय. नोकरी हवीच आहे. मेल इंग्रजीत जाईल, मजकूर असा: ‘व्हेरिएबलचा तपशील आणि जॉइनिंगची नक्की तारीख कळल्यास मी ऑफर स्वीकारेन.’ चालेल ना?

सह्याद्रीवारा
काही विचारू नकोस, फ्रेशरची ऑफर मागे घेतात. आणि पहिल्या वर्षी व्हेरिएबल पूर्णच देतात. माझ्या भावाला मिळाला.

जुना_एचआर
भावाला मिळाला असेल, पण तो त्या कंपनीचा नियम. प्रश्न विचारल्याने सहसा काही बिघडत नाही. खटकतंय ते ‘कळल्यास स्वीकारेन’. 1872च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 7 प्रमाणे स्वीकृती बिनशर्त लागते. तुझा होकार सशर्त झालाय. शुक्रवार उलटला तर ‘उमेदवाराने स्वीकारलं नाही’ असं ते म्हणू शकतात. आधी सरळ होकार दे, प्रश्न खालच्या परिच्छेदात.

शिवाय तुझे दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. समज, कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च आहे आणि व्हेरिएबल महिन्यांच्या हिशेबाने मिळतो. 1 जुलैला रुजू झालीस तर नऊ महिन्यांचे 45,000. त्यांनी तारीख 1 ऑक्टोबरला ढकलली तर 30,000. वर कंपनीचा निकाल 80 टक्के धरला तर 24,000च. काही ठिकाणी ठरावीक तारखेनंतर आलेल्यांना त्या वर्षी काहीच देत नाहीत, आणि पैसे देण्याच्या दिवशी नोकरीत असावं लागतं.

दादर_लोकल
नोटीस पिरियड बायआउट मागून घे! मी दोन महिन्यांचा मागितला होता.

केतकी_मेक
दादा, माझी पहिलीच नोकरी आहे, नोटीस पिरियड कुठला! जुना_एचआर, बदललेला मजकूर:

‘आपली ऑफर मी स्वीकारत आहे. सही केलेली प्रत जोडली आहे. तयारीसाठी दोन गोष्टी कळाव्यात ही विनंती. व्हेरिएबल ट्रेनिंगच्या काळातही लागू असतो का, आणि वर्षाच्या मध्ये रुजू झाल्यास तो कसा मोजतात? 1 जुलै ही तारीख पक्की समजू का? माझा शेवटच्या सत्राचा निकाल जुलैच्या मध्यापर्यंत अपेक्षित आहे, तोवर आधीच्या सत्रांच्या गुणपत्रिका चालतील का?’

जुना_एचआर
उत्तम. फोनवर उत्तर मिळालं तर त्याच मेलवर ‘आपल्या बोलण्यानुसार’ असं लिहून पाठव, म्हणजे नोंद राहील.

सह्याद्रीवारा
आणि तारीख पुढे गेलीच तर पगार कधीपासून?

जुना_एचआर
सहसा रुजू झाल्यापासूनच. मधल्या काळाचं काही देतात का, ते पत्रात नसेल तर विचारूनच कळेल.

केतकी_मेक
पत्रात तसं काही नाही. हाही प्रश्न घालू, की तीन फार होतील?