मदत हवी आहे: निश्चयकाचं चिन्ह उलटं का येतं?

नमस्कार मंडळी, यवतमाळजवळच्या गावात बारावीच्या पोरांना गणित शिकवतो. चतुष्फलकाच्या घनफळावर गाडी अडली आहे.

शिरोबिंदू A(1,0,2), B(3,0,2), C(1,3,2), D(2,1,6). A वजा करून ओळी (2,0,0), (0,3,0), (1,1,4). निश्चयक 24, भागिले 6, म्हणजे 4. पडताळा: पाया ABC चं क्षेत्रफळ 3, उंची 4, एक तृतीयांश केल्यावर 4च.

पण चारही बिंदू थेट मांडून शेवटी एकांचा स्तंभ जोडला की -24 येतं! तोच स्तंभ सुरुवातीला ठेवला तर +24. फळ्यावर तीनदा तपासलं. स्तंभाच्या जागेमुळेच चिन्ह बदलतं ना? पोरांना पटेल असं कारण कोणी सांगाल का?