मदत हवी आहे: मोठ्या नफ्यानंतर रिस्क किती ठेवायची?

नमस्कार मंडळी, मी म्हापशाचा, तीन वर्षं निफ्टी ऑप्शन्स करतोय. कॅपिटल ४ लाख, एका ट्रेडमागे १ टक्का म्हणजे ४,००० रिस्क, त्यात साधारण २ लॉट बसतात. गेल्या आठवड्यात कॉल रात्रभर ठेवला होता, सकाळी मार्केट मोठ्या गॅपनं वर उघडलं आणि ६२,००० सुटले. माझं टार्गेट ८,००० चं होतं, म्हणजे बाकीचे ५४,००० गॅपनं दिले, मी नाही, आणि तोच गॅप उलटा आला असता तर स्टॉपलॉसचा काही उपयोग नव्हता.

त्या रात्री झोपच येईना, डोक्यात एकच, आता ६ लॉट घेऊया. म्हणून वहीत स्वतःसाठी लिहून ठेवलं: ६ लॉट म्हणजे १२,००० रिस्क, लागोपाठ पाच लॉस झाले की ६०,००० गेले, मागे असे पाच झालेतही. मग मागचे ३० ट्रेड काढले आणि हा एक वगळून बेरीज केली तर उणे ५,५००! ते बघून खरंच घाबरलो.

सध्या ठरवलंय की पुढचे २० ट्रेड २ लॉटच, आणि ५०,००० बँकेत काढून घेतले, चवथीच्या खर्चालाही त्यातलेच.

आता विचारायचंय ते हे की अकाउंटात राहिलेले जास्तीचे १२,००० धरून १ टक्का मोजायचा की जुन्या ४ लाखांवरच? आणि असा एखादा ट्रेड वगळून हिशेब उणे येत असेल तर तुम्ही साइझ उलट कमी करता का? अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा.