हनुवटीला शेव, आणि तोंडी ‘मी नाही’

> साडेतीन वर्षांची लेक, हनुवटीला शेव चिकटलेली, आणि म्हणते ‘मी डबा उघडलाच नाही’. इतकं छातीठोक खोटं ही शिकली कुठून?

शिकावं लागत नाही. ‘आई स्वयंपाकघरात नव्हती, म्हणजे तिला माहीत नाही’ एवढं तिला आता कळू लागलंय, आणि पहिलं खोटं तेवढ्यावर उभं राहतं. पण आई हनुवटी बघून अंदाज बांधेल, हा पुढचा हिशेब अजून तिच्या आवाक्यात नाही. आपण चाचरतो ते पकडले जाऊ या भीतीने. तिला ती शक्यता दिसतच नाही, म्हणून आवाज ठाम.

1989 सालच्या एका प्रयोगात 3 वर्षांच्या मुलांना पाठीमागे ठेवलेलं खेळणं बघू नका असं सांगून एकटं सोडलं. बहुतेकांनी वळून पाहिलं, आणि पाहणाऱ्यांपैकी 38 टक्क्यांनी साफ नाकारलं.

घरी पडताळायचं तर सहज विचारा, ‘लौंगची शेव होती का गं?’ ‘हो, खूप तिखट होती!’ असं उत्तर येईल. पहिलं खोटं लक्षात ठेवून पुढचं वाक्य त्याला जुळवणं साधारण सहा-सात वर्षांपासून जमू लागतं. मात्र हे तिला पकडायला वापरू नका.

उत्तर माहीत असताना ‘कोणी उघडला?’ विचारलं की आपणच तिला नाकारायची जागा देतो. त्यापेक्षा ‘शेव सांडलीये, चल, दोघी मिळून भरू’ म्हणा. शेव हवी असेल तर मागायची, हे डबा बंद करताना सांगा.